फ्रिजमध्ये ठेवलंय ना, मग काय होतंय? लिस्टेरियाच्या बाबतीत या चुका टाळा

पहिली चूक डोक्यातच असते. आपण धरून चालतो की फ्रिजमध्ये गेलं म्हणजे जंतू गप्प बसले. साल्मोनेलासारख्या जंतूंच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंय, 4-5 अंशाला त्यांची वाढ जवळजवळ थांबते. पण लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा वेगळाच प्रकार आहे, तो पार शून्य अंशाच्या आसपाससुद्धा वाढतो, हळू वाढतो पण वाढतो. थंडीत तो आपल्या पेशीच्या आवरणातली चरबी बदलतो म्हणजे आवरण कडक होत नाही, आणि अन्नातून काही ठराविक पदार्थ आत ओढून घेतो ज्यांच्यामुळे थंडी आणि मीठ दोन्ही सहन होतं.

याचा धोका जास्त असतो तो रेडी टू ईट पदार्थांत. आता तेच पदार्थ का? कारण साधं आहे, त्यांना खायच्या आधी आपण गरम करत नाही. शिजवलेल्या मांसाचे काप, स्मोक केलेला मासा, मऊ चीज, कापलेलं खरबूज, पाकिटातून काढलं की थेट तोंडात. कारखान्यात शिजवताना लिस्टेरिया मरतो हो, पण नंतर काप करायच्या मशीनवरून किंवा पॅकिंगच्या पट्ट्यावरून तो परत लागू शकतो, आणि शिजवल्यामुळे बाकीचे जंतूही मेलेले असतात म्हणजे याला स्पर्धाच नाही, मोकळं रान! व्हॅक्यूम पॅकचाही उपयोग नाही, हा ऑक्सिजनशिवाय पण वाढतो.

एक ढोबळ हिशोब करून बघू. समजा मांसाच्या कापांच्या पाकिटात ग्रॅममागे 1 जंतू आहे. 4 अंशाला तो दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस लागतो असं धरा (पदार्थाप्रमाणे बदलतं हे, आणि सुरुवातीला तो थोडा सुस्त असतो ते आपण सोडून देऊ). 10 दिवसांत सहा-सात वेळा दुप्पट, म्हणजे ग्रॅमला 100 च्या आसपास. युरोपियन युनियनच्या नियमात बऱ्याच रेडी टू ईट पदार्थांना मुदत संपेपर्यंत ग्रॅमला 100 हीच मर्यादा आहे. आता तेच पाकीट 8 अंशाच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि दुप्पट व्हायचा वेळ 12 तास धरा. साडेतीन दिवसांतच 100 पार, आणि 10 दिवसांत 20 वेळा दुप्पट म्हणजे दहा लाख! पदार्थ तोच, फ्रिजच तेवढा चार अंशांनी गरम.

म्हणून दुसरी चूक, डायलवर विश्वास. डायलवरचा 3 किंवा 4 हा आकडा म्हणजे अंश नव्हेत, तो फक्त जास्त-कमी थंड सांगतो. मी पण वर्षानुवर्षं 4 वर ठेवून निवांत होतो, थर्मामीटर लावला तर 9 निघाले, बोला आता. करायचं काय, मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवायचा, त्यात थर्मामीटर, आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या बघायचं. 5 च्या वर असेल तर डायल फिरवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. दाराचा कप्पा सहसा सगळ्यात गरम असतो, असले पदार्थ तिथे नकोतच.

वास घेऊन ठरवणं ही त्याहून मोठी चूक. ज्या जंतूंमुळे वास येतो, बुळबुळीत होतं, ते वेगळे. लिस्टेरिया भरपूर वाढला तरी पदार्थ दिसायला-चवीला अगदी छान असू शकतो.

आणि पाकिटावरची तारीख! ती बंद पाकिटाची असते. उघडलं की "उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा" असं लिहिलेलं असतं ना, ते बघा. नसेल तर मी तीन दिवसांच्या पुढे जात नाही.

फ्रीझरमध्ये ठेवलं तर वाढ थांबते, पण जंतू मरत नाही, वितळलं की पुन्हा चालू. मारायचा असेल तर उष्णताच हवी, आतपर्यंत 70 अंश आणि तिथे 2 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कडेला वाफ आणि मध्ये गार असं होतं, म्हणून मध्येच एकदा हलवून परत फिरवा.

घरात कोणी गरोदर असेल, वयस्कर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी असे पदार्थ गार खाऊच नयेत, गरम वाफाळते करून खावेत. गरोदर बाईला स्वतःला नुसता बारीक ताप, अंगदुखी होते, पण बाळ दगावू शकतं. आणि लक्षणं कधी कधी 70 दिवसांपर्यंत उशिरा येतात, तोवर ते पाकीट कुणाच्या लक्षात असणार? डॉक्टरकडे गेलात तर कालचं जेवण सांगून थांबू नका, मागच्या दोन महिन्यांत असलं काही गार खाल्लं होतं का तेही सांगा.