तीन मजली केक उभा कसा ठेवायचा: डॉवेल आणि बोर्डचं गणित

मी बेळगावात शहापूरला घरूनच केक करते, आणि लग्नसराई आली की सगळ्यात जास्त फोन येतात ते तीन टियरच्या केकसाठी. नवीन शिकणाऱ्या मुली पण हेच विचारतात, ताई केक खाली बसतो, तिरका होतो, काय करायचं? म्हणून एकच केक घेऊन सगळं नीट सांगते. सहा किलोचा केक, खाली १० इंची ३ किलो, मध्ये ८ इंची २ किलो, वर ६ इंची १ किलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वरच्या केकचं वजन खालच्या केकने उचलायचंच नाही. वरचा केक त्याच्या बोर्डवर बसतो, बोर्ड डॉवेलवर, म्हणजे केकमध्ये उभ्या घातलेल्या नळ्यांवर बसतो, आणि डॉवेल थेट खालच्या बोर्डवर टेकतात. घराचा स्लॅब जसा कॉलमवर असतो, भिंतीवर नाही, तसंच. स्पंज आणि क्रीम म्हणजे नुसती भिंत, त्याच्यावर तीन किलो ठेवलं तर केकचं पोट सुटणारच, आणि आपल्याकडे बहुतेक ऑर्डर एगलेसच्या असतात, तो स्पंज तर आणखी मऊ.

बोर्ड कुठले घ्यायचे: सगळ्यात खाली १४ इंची जाड ड्रम बोर्ड, अर्धा इंच जाडीचा. पातळ सोनेरी पुठ्ठा सहा किलोला वाकतो, आणि बोर्ड वाकला की वरच्या क्रीमला तडा जातो, मग केक कितीही चांगला असू दे. मधल्या आणि वरच्या केकला तीन एमएमचे एमडीएफ बोर्ड, बरोबर केकच्या मापाचे, ८ आणि ६ इंची. हे दोन्ही बोर्ड आधीच सुताराकडून मधोमध १० एमएमचं भोक पाडून आणा, त्यातून शेवटी मधली काठी जाणार आहे. बोर्डला केक लावण्याआधी फूड ग्रेड फॉइल किंवा कागद लावून घ्या आणि भोकाच्या जागी तो कापायला विसरू नका.

डॉवेल म्हणून मी केक सामानाच्या दुकानात मिळणारे जाड प्लास्टिकचे पोकळ डॉवेल वापरते. बबल टी चा जाड स्ट्रॉ पण चालतो, पण कोल्ड्रिंकचा साधा स्ट्रॉ नको, तो दुमडतो. कबाबाची काडी पण नको, बारीक असते, वजन आलं की तिरकी होते.

आता केक. तिन्ही टियर वेगवेगळे लेव्हल करून, गनाश लावून, रात्रभर फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग असं घट्ट गनाश करा, नुसत्या व्हिप क्रीमवर तीन टियर एप्रिल-मे मध्ये मी घेतच नाही. १० इंची केक सरळ ड्रमवर बसवायचा, खाली दोन चमचे गनाश लावून, म्हणजे सरकत नाही.

खालचा केक थंडगार असतानाच त्याच्यावर ८ इंची रिकामा डबा मधोमध हलकेच टेकवा, गोल खूण उठते. डॉवेल या गोलाच्या आत, कडेपासून एक इंच सोडून लावायचे. कडेला अगदी लागून लावले तर बोर्ड जरा सरकला तरी डॉवेल बाहेर दिसतो. ८ इंचीखाली सहा डॉवेल, ६ इंचीखाली चार, आणि बरोबर मधली जागा मोकळी.

मापाची पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथेच माझा एक केक गेला होता. खानापूरच्या एका रिसेप्शनचा होता, खालचा केक मध्ये जरा फुगलेला, आणि मी प्रत्येक डॉवेल जिथे लावला तिथल्या उंचीला वेगवेगळा कापला. मधल्या बाजूचे उंच, कडेचे बुटके झाले. वरचा टियर ठेवला तेव्हा सरळ दिसला, पण हॉलवर पोचेपर्यंत एका बाजूला बोटभर कलला होता, आणि खालच्या केकला त्याच बाजूला कडेने आडवा तडा गेलेला. म्हणून आता असं करते: केकचा जो भाग सगळ्यात उंच वाटतो तिथे एक डॉवेल सरळ खाली ड्रमला टेकेपर्यंत घालायचा, क्रीमच्या पातळीला सुरीने खूण करायची, बाहेर काढायचा आणि कापायचा. माझा केक चार इंचाचा भरतो. मग बाकीचे पाच त्याच्याशी जोडून, टेबलवर उभे करून बघत, अगदी तेवढेच कापायचे. सगळ्यांची उंची सारखी, केकची असो नसो. कुठे डॉवेल एक-दोन एमएम वर राहिला तर राहू दे, ती फट पायपिंगने झाकली जाते. पण एखादा बुटका राहिला तर बोर्ड केकवर टेकतो आणि सगळी मेहनत वाया.

डॉवेल घालताना बाजूला बसून डोळ्याच्या रेषेत बघा, काटकोनात उभा आहे का. तिरका गेला असेल तर जोर लावून सरळ करू नका, बाहेर काढून शेजारी नवीन जागी घाला. सगळे घातले की त्यांच्यावर रिकामा ८ इंची बोर्ड ठेवून वर पाणसळ ठेवा, गवंड्याची असते ती छोटी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बुडबुडा मध्ये आला की पुढे जायचं, नाहीतर उंच डॉवेल काढून थोडा घासायचा.

मग डॉवेलच्या मध्ये जरा गनाश लावून ८ इंची केक बोर्डसकट दोन रुंद पॅलेट नाइफवर उचलून बसवा, भोकाचा मध्य खालच्या केकच्या मध्यावर यायला पाहिजे. त्याच्यातही हेच माप, चार डॉवेल, वर ६ इंची.

उभे डॉवेल वजन पेलतात पण बाजूचा धक्का नाही पेलत. गाडीने ब्रेक मारला की वरचा टियर सरकतो. त्यासाठी मधली काठी, ८ एमएमची लाकडी, धुऊन वाळवलेली, एका टोकाला पेन्सिलसारखी टोकदार. आपला केक बोर्डसकट पावणेतेरा इंच होतो, काठी साडेअकरा इंच. वरून घालायची, दोन्ही बोर्डच्या भोकातून खाली उतरते, शेवटी दुसऱ्या काडीने वर टेकवून हातोडीने हळूच दोन ठोके, टोक ड्रमच्या पुठ्ठ्यात रुतलं पाहिजे. वरचं भोक फुलांनी झाकायचं.

खानापूरपर्यंत मी असाच जोडलेला केक नेते, डिकीच्या सपाट जागेत, खाली रबरी मॅट, एसी चालू. सीटवर कधीच नाही, सीटला उतार असतो. पण जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला द्यायचा असेल तर काठी असूनही जोडत नाही, वळणावर वळणं लागतात, तिन्ही टियर वेगळ्या डब्यात नेऊन तिथेच बसवते, फक्त डॉवेल घरून घालून नेते.

कापणाऱ्याला सांगून यायचं: आधी वरचा टियर बोर्डसकट सरळ वर उचलायचा, वाकडा ओढायचा नाही, मग मधला, मग काठी आणि डॉवेल काढूनच सुरी लावायची. लहान मुलांच्या प्लेटमध्ये प्लास्टिकचा तुकडा जायला नको, म्हणून मी वहिनी-काकू जी कोणी केकजवळ असेल तिच्या हातात चिठ्ठी देते, दहा डॉवेल आणि एक काठी, अकरा मोजून घ्या.