उतारावर पावलाखालचा बिंदूच ठरवतो: प्लॅटफॉर्मर शिकणाऱ्यांसाठी

टाइलवर चालणारा पहिला प्लॅटफॉर्मर बनवताना सपाट जमीन आणि भिंती लवकर जमतात. आधी X दिशेने सरकवा, टक्कर झाली तर मागे घ्या, मग Y दिशेने तेच करा. नकाशात पहिला उतार टाकला की हे गणित कोलमडतं. नवीन मुलांचे प्रोजेक्ट बघताना मला दोन तक्रारी सतत ऐकू येतात: चढताना प्लेअर माथ्याजवळ अडकतो आणि उतरताना थरथरतो.

दोन्हींचं मूळ एकच आहे. प्लेअरचा चौकोन रुंद असतो, पण उतारावर जमिनीची उंची प्रत्येक पिक्सेलला वेगळी असते. त्यामुळे चौकोनाचा कोणता भाग जमिनीवर आहे हे ठरवावंच लागतं. माझं ठाम मत आहे की नवशिक्यांनी पायांच्या मध्यावरचा एकच बिंदू धरावा. उतार फक्त त्या बिंदूशी तपासायचा आणि X च्या टप्प्यात उताराच्या टाइलला कधीही भिंत मानायचं नाही. 16 पिक्सेल रुंद प्रत्येक उतार-टाइलसाठी, दर पिक्सेलला एक अशी 16 उंचींची यादी ठेवली की कोन कुठलाही असो, कोड तोच राहतो. 1991 च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्येही 16 पिक्सेलच्या तुकड्यांसाठी अशाच उंचीच्या याद्या होत्या.

आता अडकण्याचं उदाहरण बघा. टाइल 16 पिक्सेलची, चौकोन 12 पिक्सेल रुंद आणि उजवीकडे चढणारा 45 अंशांचा उतार. त्याच्या पुढे त्याच रांगेत घट्ट टाइल आहे. मध्यबिंदू उताराच्या दहाव्या पिक्सेलवर आला की पाय 10 पिक्सेल उंचीवर असतात, पण चौकोनाची उजवी कड सोळाव्यावर पोचलेली असते. पुढच्या टाइलचा माथा पायांपेक्षा अजून 6 पिक्सेल वर आहे, म्हणून X ची तपासणी तिला भिंत समजते आणि प्लेअर तिथेच थांबतो. उपाय असा, की मध्यबिंदू उतारावर असेल तेव्हा त्याच रांगेतली, उताराच्या उंच बाजूला लागून असलेली टाइल तपासणीतून वगळायची. फक्त उंच बाजूचीच. खालच्या बाजूचीही वगळली तर तिथली एक टाइल उंचीची भिंत प्लेअर आरपार करेल. उतरायला सुरुवात करताना हीच सूट Y च्या टप्प्यातही द्यावी लागते, नाहीतर चौकोनाची मागची कड माथ्यावर असेपर्यंत प्लेअर हवेत सपाट सरकत राहतो.

उतरतानाची थरथर वेगळ्या वाटेने येते. समजा त्याच 45 अंशांच्या उतारावर आडवा वेग फ्रेममागे 3 पिक्सेल आहे आणि गुरुत्व दर फ्रेमला उभ्या वेगात 0.25 ची भर घालतं. पहिल्या फ्रेममध्ये जमीन 3 पिक्सेल खाली गेली, प्लेअर मात्र पाव पिक्सेलच पडला. म्हणजे तो हवेत आहे. उतार पुरेसा लांब असेल तर त्याला पुन्हा जमीन लागायला 23 फ्रेम जातात. तोवर पडण्याचं अ‍ॅनिमेशन चालतं आणि उडीचं बटण दाद देत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: प्लेअर जमिनीवर आहे का हे सांगणाऱ्या `grounded` ची किंमत दर फ्रेमला छापा. उतारावर चालताना ती मध्येच false झाली की दोष हाच.

यावर गुरुत्व वाढवणं हा उपाय नाही, त्याने सगळ्या उड्या बिघडतात. मागच्या फ्रेमला प्लेअर जमिनीवर होता आणि त्याने या फ्रेमला उडी मारली नाही, एवढं तपासा. तसं असेल तर पायांखाली `abs(dx) + 1` पिक्सेलपर्यंत जमीन शोधा; `dx` म्हणजे या फ्रेममधली आडवी हालचाल, म्हणून इथे 4 पिक्सेल. सापडली तर पाय तिथे टेकवा आणि उभा वेग शून्य करा. नाही सापडली तर ती खरी कड आहे, पडू द्या. याहून तीव्र उतार असेल तर शोधाची मर्यादा त्याच प्रमाणात वाढवावी लागेल.

खालून आरपार जाता येतं पण वरून उभं राहता येतं अशा वन-वे प्लॅटफॉर्मला मात्र चौकोनाची पूर्ण रुंदी लागते आणि पाय आधी कुठे होते याची आठवण लागते. चौकोन प्लॅटफॉर्मवर आला की नाही एवढंच बघितलं, तर खालून उडी मारणारा प्लेअर अर्ध्या वाटेत झटक्याने वर ओढला जातो.

```
if (vy >= 0 && oldFoot <= top && newFoot >= top) {
    foot = top; vy = 0; grounded = true;
}
```

इथे y खाली वाढतो. `oldFoot` फ्रेमच्या सुरुवातीलाच, काहीही हलवण्याआधी साठवा. `<=` मधलं बरोबरचं चिन्ह गाळलं तर उभा असलेला प्लेअर पुढच्याच फ्रेमला खाली जाईल. टेकवताना `foot` मध्ये `top` चीच पूर्णांक किंमत ठेवा. तिथे 47.9999 किंवा 48.0001 येऊ लागलं की प्लेअर कधी टिकतो, कधी गळतो.

या अटीमुळे खाली उतरणंही सोपं होतं. खालचं बटण धरून उडी दाबली की पाय 1 पिक्सेल खाली न्या, `oldFoot` मध्येही हीच नवी किंमत ठेवा आणि `grounded` false करा. आता `oldFoot` माथ्याच्या खाली आहे, त्यामुळे अट लागूच होत नाही आणि वेगळा टायमर लागत नाही. पडण्याचा वेग फ्रेममागे 16 पिक्सेलच्या वर जाऊ देणार असाल, तर `oldFoot` ते `newFoot` मधल्या प्रत्येक रांगेचा माथा वरून खाली तपासा, कारण फक्त शेवटची रांग बघितली तर मधला प्लॅटफॉर्म सुटतो.