हॉस्टेलच्या खोलीतला छोटा फ्रिज : माझी दोन वर्षं आणि एक रुपयाचं नाणं

मी नागपुरात खासगी वसतिगृहात राहून मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. केली. हे आधीच सांगते, कारण फ्रिजमधलं खाऊन आजारी पडायची वेळ माझ्यावरच आली, आणि तेव्हा रूममेटने मला ह्याच पदवीवरून चिडवलं होतं. नव्याने हॉस्टेलला जाणाऱ्यांपैकी बरेच जण खोलीत छोटा फ्रिज घेतात किंवा आधीच्या मुलांकडून विकत घेतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी तुमच्या हॉस्टेलला फ्रिज चालतो का ते विचारा. आमच्याकडे चालायचा, वीजबिलाचे वेगळे पैसे द्यावे लागायचे.

पहिली चूक विकत घेतानाच झाली. पास होऊन जाणाऱ्या एका मुलीकडून मी एक सुंदर, अजिबात आवाज न करणारी पेटी घेतली. आवाज का नाही, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. त्यात कॉम्प्रेसरच नव्हता. अशा थर्मोइलेक्ट्रिक पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंधरा-वीस अंशच थंड होतात. डिसेंबरात खोलीत 22 अंश असताना आत दूध छान गार राहायचं. एप्रिलमध्ये दुपारी खोली 40 वर गेली आणि आत 21 झालं. म्हणजे ते कपाटच, फक्त दिवा लागणारं. दोन पाकिटं दूध फाटल्यावर मी थर्मामीटर आणला आणि मग सगळं कळलं. तेव्हा घेताना मागे वाकून बघा. खाली काळा, डब्यासारखा कॉम्प्रेसर दिसला पाहिजे आणि सुरू केल्यावर घुर्र ऐकू आली पाहिजे. नंतर मी घेतलेला फ्रिज 45 लिटरचा, कॉम्प्रेसरवाला होता. त्याला भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं, कारण मागून गरम हवा बाहेर पडायला जागा लागते.

थर्मामीटर ही मी घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू. मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात तो रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचायचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं नाही, म्हणून पेला. पाच किंवा त्याखाली आकडा हवा. माझा सकाळी 4 असायचा आणि मे महिन्यात दुपारी 8-9 व्हायचा. मग उन्हाळ्यात बटण एक घर पुढे आणि पावसाळ्यानंतर एक घर मागे, एवढं ध्यानात ठेवलं. बटण फार पुढे नेलं की मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबीर काचेसारखी कडक होते आणि बाहेर काढली की काळी लिबलिबीत पडते. वरच्या बर्फाच्या कप्प्यावर तर अजिबात विसंबू नका. त्यात पाणी गोठतं, पण तो घरच्या डीप फ्रीझरसारखा नाही. आईसक्रीम मऊ राहतं, आणि फ्रोजन पराठ्यांची पाकिटं तिथे महिनाभर ठेवायची नसतात.

आता माझ्या आजारपणाचं. एका शनिवारी मेसमध्ये मसालेभात होता. रात्री साडेआठला मी जास्तीचा एक डबा भरून आणला. खोलीत गप्पा सुरू झाल्या आणि डबा टेबलावरच राहिला. साडेबाराला आठवण झाली, मी झाकण लावून फ्रिजमध्ये सरकवला आणि मनात म्हटलं, चला, वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रिणीकडे मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत गरम करून खाल्ला. वास चांगला, चव चांगली. तीन तासांनी उलट्या सुरू झाल्या.

ह्यामागचं कारण मला पुस्तकातून पाठ होतं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं त्यातलं विष परत गरम केल्याने जात नाही. वासही येत नाही. म्हणजे फ्रिज चांगला होता, मायक्रोवेव्ह चांगला होता, घात झाला टेबलावरच्या चार तासांत. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोली 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच, हा नियम मी तेव्हापासून खरोखर पाळते. भात आणायचाच असेल तर ताटात पसरून पंख्याखाली पाऊण तासात गार करायचा, मग डब्यात भरून आत, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. गरम डबा तसाच आत ढकलला तर एवढ्याशा फ्रिजमध्ये शेजारचं दूध तापतं. वरण किंवा रस्सा असेल तर स्टीलचा डबा बादलीतल्या गार पाण्यात उभा करून ढवळत राहा, वीस मिनिटांत निवतो.

खरं सांगायचं तर पुढे मी भात ठेवणंच बंद केलं. ठेवलेल्यापैकी निम्मा फेकलाच जायचा. हा छोट्या फ्रिजचा दुसरा रोग. आई यवतमाळहून येताना पिशव्या भरून आणायची. पुरणपोळ्या, खोबऱ्याची ओली चटणी, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, लाडू, लोणचं. मी सगळं आत कोंबायचे. दोन आठवड्यांनी खालच्या स्टीलच्या डब्यात हिरवी बुरशी आलेली चटणी सापडायची. फोनवर आई विचारायची, "संपली का गं?" आणि मी हो म्हणायचे.

मग मी एक काम केलं. आत असलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढली आणि स्वतःला विचारलं, हिला फ्रिजची गरज आहे का? जवसाची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचं, लाडू, चिवडा, ह्यांपैकी कोणालाच नाही. उलट गार बरणी उघडली की दमट हवा आत शिरून पाणी सुटतं आणि कोरडी चटणी ओलसर होते. केळी काळी पडतात. कांदे-बटाटे टोपलीत. दुधाचे 200 मिलीचे टेट्रा पॅक तर न उघडता बाहेरच महिनोन्‌महिने टिकतात. ते शेल्फवर ठेवायचे आणि हवं तेव्हा एक गार करायचा. ह्या एका सवयीने अर्ध्या लिटरचं पाकीट उघडून उरलेलं फाटणं बंद झालं. खोबऱ्याची ओली चटणी मात्र त्याच दिवशी मेसमध्ये सगळ्यांना वाटून टाकायची, आणि पुरणपोळ्या दोन दिवसांत शेजारच्या खोल्यांत जायच्या. ह्यात लोकप्रियताही वाढते, तो भाग वेगळा.

एवढं काढल्यावर फ्रिज जवळजवळ रिकामा झाला. त्याच दिवशी कळलं की आमच्या दोघींच्या पोटात जाणारी यादी फारच छोटी आहे. आम्ही रविवारी संध्याकाळी बाजारातून आठ अंडी, 400 ग्रॅम दह्याचा एक डबा, चार काकड्या, चार लिंबं, मूठभर मिरच्या, अर्धी जुडी कोथिंबीर, 100 ग्रॅम लोणी आणि हंगामी फळ आणायचो. फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री असायची, ती आत निवांत टिकतात. बुधवारी दह्याचा दुसरा डबा आणि कधीतरी 200 ग्रॅम पनीर. बस्स. दही रोज संपायचं, कारण मेसची भाजी कितीही वाईट असली तरी दह्याबरोबर पोळी जाते. दही आंबट असल्याने जिवाणूंना त्यात वाढणं कठीण जातं, म्हणून ते दुधापेक्षा सोशिकही आहे. झाकण फुगलं, वर रंगीत ठिपका दिसला तर मात्र वरचा भाग काढून खाली खायचं नाही, सगळं टाकायचं.

अंडी आम्ही रविवारी रात्रीच एग बॉयलरमध्ये चार उकडायचो आणि सालासकट आत ठेवायचो. सोलून ठेवली तर वास सुटतो आणि लवकर खराब होतात. बुधवारपर्यंत ती संपलेली असायची. रात्री अकराला भूक लागली की कोणी काही शिजवत नाही. तेव्हा जे एका मिनिटात तोंडात टाकता येतं तेच संपतं. उकडलेलं अंडं संपतं, कच्ची भेंडी नाही. आमच्याकडे मोड आलेली मटकीही असायची, पण ती कच्ची खाल्ली नाही. मोड ज्या ऊबदार ओलाव्यात येतात तोच जिवाणूंनाही आवडतो. बॉयलरच्या वाटीत दहा मिनिटं वाफवून, लिंबू पिळून. उरलेले मोड दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचे. पनीर उघडल्यावर पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं आणि दोन दिवसांत खायचं.

जागा ठरलेल्या होत्या. दूध-पनीर बर्फाच्या कप्प्याखालच्या भागात, जिथे सगळ्यात गार असतं. दाराच्या कप्प्यात लोणी, सॉस, पाण्याची बाटली, कारण दार सारखं उघडतं आणि तिथे गारवा टिकत नाही. स्टीलचे डबे मी हद्दपार केले, आतलं दिसत नाही म्हणून. पारदर्शक डबे आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर तारीख. रूममेट आधी हसली, मग तिनेच पेन दोरीने दाराला बांधलं.

राहिलं ते नाणं. आम्ही शनिवार-रविवार घरी गेलो की मागे काय झालं ते कळायचं नाही. एकदा मजल्याचा स्विच कोणीतरी पाडला होता आणि आम्ही परत येईपर्यंत पुन्हा चालूही झाला होता. आत सगळं गारच होतं, पण दुधाला आंबूस वास. तेव्हापासून एका छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायला लागले. परत आल्यावर नाणं वर असेल तर बर्फ वितळला नाही. नाणं तळाशी गेलेलं असेल तर मधे बराच वेळ वीज नव्हती आणि नंतर सगळं पुन्हा गोठलं. अशा वेळी दूध, पनीर, दही, उकडलेली अंडी, शिजलेलं जे काही असेल ते टाकायचं. लिंबं, संत्री, काकड्या, लोणी ठेवायचं. आम्ही समोर असताना वीज गेली तर दार उघडायचं नाही. मोठ्या फ्रिजला बंद दाराने चार तास धरतात, पण 45 लिटरवाला त्याआधीच सैल पडतो. म्हणून उन्हाळ्यात बर्फाच्या कप्प्यात पाण्याची एक बाटली गोठवून ठेवायचो आणि वीज गेली की ती मधल्या फळीवर आणायचो.

बर्फाचा थर बोटाएवढा जाड झाला की वीज बंद करून, खाली जुना टॉवेल टाकून तो वितळू द्यायचा. सुरीने खरवडायचं नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीने खरवडलं, फुस्स आवाज आला आणि तिचा फ्रिज कायमचा गेला. सुट्टीला जाताना आतून पुसून, प्लग काढून, दारात घडी घातलेलं वर्तमानपत्र अडकवून जायचं. दार बंद ठेवलं की जूनमध्ये परत आल्यावर रबरावर काळी बुरशी भेटते, आणि तो वास मग संत्र्याची सालं ठेवूनही जात नाही.