डिफर्ड अ‍ॅक्सेप्टन्सने कॉलेजं वाटताना या चुका टाळा

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही पद्धत चार ओळींत सांगता येते. प्रत्येक विद्यार्थी आपल्या यादीतल्या पहिल्या कॉलेजकडे अर्ज करतो. कॉलेज आलेल्या अर्जांमधून आपल्या क्रमाने जागांइतके विद्यार्थी राखून ठेवतं आणि बाकीच्यांना नाकारतं. नाकारलेले पुढच्या फेरीत आपल्या यादीतल्या पुढच्या कॉलेजकडे जातात. कोणी नाकारलं जायचं थांबलं की राखलेले प्रवेश पक्के होतात.

कागदावर सोडवताना मात्र उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा ते ‘राखून ठेवणं’ या दोन शब्दांपाशी चुकतं. एक उदाहरण घेऊ. प आणि म या कॉलेजांत एकेक जागा आहे, स मध्ये दोन. विद्यार्थ्यांच्या पसंत्या अशा:

अनघा: प, म, स
बिपिन: प, स, म
केतकी: म, प, स
दीपक: म, स, प

प चा क्रम केतकी, अनघा, बिपिन, दीपक. म चा क्रम अनघा, दीपक, बिपिन, केतकी. स ला चौघंही चालतात आणि तिथे जागांची ओढाताण होणार नाही, म्हणून त्याचा क्रम इथे लागत नाही.

राखलेली जागा पक्की धरणं

पहिल्या फेरीत प कडे अनघा आणि बिपिन येतात. प अनघाला राखतं. म कडे केतकी आणि दीपक येतात. म दीपकला राखतं. दुसऱ्या फेरीत बिपिन स कडे जातो, केतकी प कडे. इथेच हात चुकतो. ‘प ची जागा भरली’ म्हणून केतकीला परत पाठवलं जातं. खरं तर प ने आधी राखलेली अनघा आणि नवी आलेली केतकी यांना एकाच रांगेत उभं करायचं असतं. प च्या क्रमात केतकी वर आहे, म्हणून अनघा बाहेर पडते. तिसऱ्या फेरीत अनघा म कडे जाते आणि तिथे दीपकच्या वर असल्याने तो सुटतो. चौथ्या फेरीत दीपक स कडे जातो; तिथे बिपिनशेजारी दुसरी जागा रिकामी आहे. प्रक्रिया थांबली: केतकी प मध्ये, अनघा म मध्ये, बिपिन आणि दीपक स मध्ये.

पहिल्याच फेरीत जागा पक्क्या केल्या असत्या, तर अनघा प मध्ये, दीपक म मध्ये आणि बिपिन व केतकी स मध्ये गेले असते. ही वेगळीच पद्धत आहे, आणि ती प्रत्यक्षात वापरलीही जायची: बॉस्टनच्या शाळांनी ती २००५ मध्ये सोडली. तिचा दोष मला फार गंभीर वाटतो. केतकी प मध्ये अनघाच्या वर आहे, तरी म आधी लिहिल्याची शिक्षा म्हणून तिला प गमवावं लागतं. प पहिलं लिहिलं असतं तर मिळालं असतं, म्हणजे खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान. खऱ्या पद्धतीत तिने प पहिलं लिहून पाहिलं तरी निकाल तोच येतो. फक्त एक फेरी वाचते.

पहिल्या पसंत्या मोजून निकाल तपासणं

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. चुकीच्या निकालात दोघांना पहिली पसंती मिळाली. बरोबर निकालात एकालाही नाही, चौघांनाही दुसरी. हे पाहून अनेकांना आपलं गणित चुकल्यासारखं वाटतं. पण ही पद्धत जपते ती स्थिरता, म्हणजे एकमेकांना हवे असलेले विद्यार्थी आणि कॉलेज वेगळे न राहणं, आणि तिची तपासणी वेगळी आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, मिळालेल्या कॉलेजपेक्षा वरची कॉलेजंच घ्या आणि एकच प्रश्न विचारा: तिथे जागा रिकामी आहे का, किंवा या विद्यार्थ्याच्या खालचा कोणी आत आहे का?

बरोबर निकालात अनघा आणि बिपिन या दोघांनाही प हवं होतं, पण आत असलेली केतकी दोघांच्या वर. केतकी आणि दीपक यांना म हवं होतं, पण आतली अनघा दोघांच्या वर. चारही वेळा उत्तर ‘नाही’. चुकीच्या निकालात मात्र केतकी आणि प एकमेकांकडे जायला तयार आहेत, आणि अशी एक जोडी सापडली की निकाल अस्थिर.

निकालानंतर अदलाबदल करू देणं

हा मोह सर्वांत समजण्यासारखा आहे. अनघाला केतकीची जागा हवी, केतकीला अनघाची. बदलून दिलं तर दोघींना पहिली पसंती मिळते आणि बाकीचे दोघं जिथल्या तिथे राहतात. नुकसान कोणाचं? दीपकचं. म मध्ये आता केतकी बसली आहे आणि म च्या क्रमात दीपक तिच्या वर आहे. अनघासाठी तो बाजूला झाला होता, केतकीसाठी नव्हे. त्याची तक्रार न्याय्य ठरते.

म्हणजे स्थिरता राखण्यासाठी विद्यार्थ्यांचं थोडं सुख सोडावं लागतं, ही या पद्धतीची खरी मर्यादा. विद्यार्थ्यांनी अर्ज केले तर सर्व स्थिर निकालांपैकी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगला निकाल मिळतो. त्याहून चांगला हवा असेल तर कोणाचा तरी क्रम डावलावा लागतो.

यादीची लांबीही तपासा. कमीच कॉलेजं लिहायची मुभा असेल, तर नाकारलेला विद्यार्थी यादी संपून रिकाम्या हाती राहू शकतो, आणि मग खरी पसंती लिहून नुकसान होणार नाही ही हमीही सुटते. वरच्या उदाहरणात एकच नाव लिहायची मुभा दिली, तर बिपिन आणि केतकी पहिल्याच फेरीनंतर बाहेर राहतात, स च्या दोन्ही जागा रिकाम्या असताना.