दरखास्त लावायच्या आधी: पगार कुठून निघतो ते शोधा

केस जिंकली म्हणजे पैसे आले असं मला खरंच वाटलं होतं. नवऱ्याच्या मित्राला हातउसने दिलेले 3 लाख, सगळे ऑनलाईन ट्रान्सफर केलेले, शिवाजीनगर कोर्टात दावा लावला, दोन वर्षांनी हुकूमनामा झाला. मुद्दल 3,00,000, दाव्याच्या तारखेपासून 6 टक्के व्याज आणि खर्चाचे 18,000. आणि तो म्हणाला देत नाही, काय करायचं ते करा. मग दरखास्त लावली, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करा असा कोर्टात अर्ज केला, आणि त्यात अशी एक चूक केली की आठ महिने फुकट गेले. माझ्या बहिणीवर आता तीच वेळ आलीये म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

हुकूमनाम्याची सर्टिफाईड कॉपी, वकीलपत्र, स्टॅम्प, ते वकील सांगतील. नक्कल मात्र निकालाच्या आठवड्यातच मागा.

पहिलं म्हणजे वेळ. 12 वर्षं मुदत आहे असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण त्या 12 वर्षांच्या भरवशावर बसू नका. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली की दरखास्त लावल्यावर कोर्ट आधी समोरच्याला नोटीस काढतं, की तुझ्यावर अंमलबजावणी का करू नये ते सांग. म्हणजे जप्तीच्या आधीच त्याला खबर. दोन वर्षांच्या आत लावलीत तर ही नोटीस साधारणपणे लागत नाही, थेट जप्तीचा हुकूम मागता येतो. मी लगेचच लावली होती, तेवढं एक बरोबर केलं होतं.

आता ती चूक. तो खराडीतल्या एका खाजगी कंपनीत कामाला आहे हे मला माहीत होतं, रोज तिथेच जातो हेही माहीत होतं, म्हणून दरखास्तीत कंपनीचा खराडीचा पत्ता टाकला आणि पगार जप्तीचा हुकूम मागितला. हुकूम झाला, बेलिफाचा भत्ता भरला, बेलिफ गेला, आणि एचआरनं कोर्टाला लेखी कळवलं की यांचा पगार इथून निघत नाही, पगार काढणारे अधिकारी मुंबईच्या ऑफिसला बसतात. झालं. खाजगी नोकरदाराच्या पगारावर हुकूम करायचा तर पगार काढणारा अधिकारी त्या कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 मधला नियम 48अ सरळ तसंच म्हणतो. कर्जदार पुण्यात राहतो, पुण्यात काम करतो, याला तिथे काही किंमत नाही. पगार कोण काढतो आणि तो कुठे बसतो, एवढंच.

हे सरकारी नोकराला, रेल्वेला, महापालिकेला लागू नाही हां. त्यांच्यासाठी नियम 48 आहे आणि त्यात पगार काढणारा हद्दीबाहेर असला तरी कोर्ट हुकूम काढू शकतं. माझ्या ओळखीच्या एकानं पीएमसीच्या कर्मचाऱ्याचा पगार पटकन जप्त करून घेतला होता, मी त्याच्याच भरवशावर गेले, आणि तिथेच फसले. खाजगी कंपनी असेल तर वेगळं. परत सांगते, खाजगी असेल तर आधी पगाराचं ऑफिस कुठे ते शोधा.

कसं शोधायचं? उसने देताना त्यानं पगाराची स्लिप दिली असेल तर त्यावर कंपनीचा पत्ता असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका, बऱ्याचदा तो नुसता रजिस्टर्ड ऑफिसचा असतो. तिथेच काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर फॉर्म 16 वर टीडीएस कापणाऱ्याचा पत्ता कुठला येतो ते विचारा, त्यावरून अंदाज येतो. आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर कोर्टामार्फत विचारा. त्यासाठी नियम 41 आहे. हुकूमनामा होऊन 30 दिवस पैसे आले नाहीत की अर्ज करा, की यानं आपल्या सगळ्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. पगार, पगार काढणाऱ्याचं पद आणि पत्ता, खाती, एफडी, फ्लॅट, गाडी, सगळं अर्जात नावानिशी मागा, नाहीतर तो दोन ओळी लिहून मोकळा होतो. कोर्टानं सांगूनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, त्यामुळे टाळाटाळ करतात पण शेवटी देतात. माझ्या वकिलांनी हा अर्ज पहिल्यांदा केलाच नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. पगाराचा हुकूम कंपनीत पोचला की एचआर त्याच दिवशी त्याला बोलावून सांगतं. माझ्या बाबतीत त्यानं संध्याकाळपर्यंत सेव्हिंग खातं रिकामं केलं. म्हणून आधी बँक, मग पगार. खात्याचा नंबर आणि शाखा कुठून मिळणार? पैसे पाठवले होते ती तुमची स्वतःची ट्रान्सफरची नोंद उघडा, त्यात आयएफएससी असतो, त्यावरून शाखा कळते. त्याचा जुना चेक असेल तर झेरॉक्स ठेवा. बँकेला जो मनाई हुकूम जातो तो पोचला त्या दिवशी खात्यात असेल तेवढ्यावरच बसतो असं धरून चाला, आणि नुसतं खातं न लिहिता त्या शाखेतल्या मुदत ठेवींसकट लिहा.

आणि खातं फ्रीज झालं म्हणजे पैसे मिळाले नाहीत. नियम 46अ खाली आणखी एक अर्ज लागतो, बँकेला नोटीस काढा की ही रक्कम कोर्टात भर. तो अर्ज कुणी केला नाही तर पैसे बँकेत तसेच पडून राहतात.

दुसऱ्या फेरीत मी असंच केलं. प्रतिज्ञापत्रात त्याची एक एफडी निघाली, ती आणि खात्यातले थोडे मिळून 47,300 कोर्टात जमा झाले. मला वाटलं आता मुद्दल 2,52,700 राहिलं. नाही. हुकूमनाम्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आलेले पैसे आधी व्याज आणि खर्चात जातात, मग मुद्दलात. माझा हिशोब असा: पहिल्या दरखास्तीपर्यंत दोन वर्षांचं व्याज 36,000, वाया गेलेल्या आठ महिन्यांचं आणखी 12,000, खर्च 18,000, असे 66,000. त्यातून 47,300 गेले, उरले 18,700, आणि मुद्दल पूर्ण 3 लाख जसंच्या तसं. म्हणजे येणं 3,18,700. हा तक्ता स्वतः करा, महिन्याचं व्याज किती वाढतं ते लिहून ठेवा, वकिलाच्या क्लार्कवर सोडू नका.

पगारातून किती मिळतं तेही आधी बघा, कारण लोकांना वाटतं अर्धा पगार कापतात. कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. त्याचा पगार 31,000 होता. 1,000 वजा, उरले 30,000, त्याचा तिसरा हिस्सा 10,000, बस. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी पगार जास्तीत जास्त 24 महिने जप्त राहतो, मधे खंड पडला तरी एकूण 24, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा सुटतो. म्हणजे माझ्यासाठी कमाल 2,40,000. येणं 3,18,700, वर व्याज चालूच. पगार एकटा पुरणार नाही हे गणित पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. पीएफला हात लावता येत नाही, त्याचा विचार सोडून द्या.

मग मुंबईचा पगार. कलम 39 खाली पुणे कोर्टात अर्ज करून हुकूमनामा मुंबईच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची प्रत आणि किती वसूल झालं, किती बाकी आहे याचा दाखला जातो. त्या दाखल्यावर 3,18,700 हाच आकडा आहे ना ते हातात घेऊन वाचा, माझ्यात 47,300 थेट मुद्दलातून वजा केले होते, दुरुस्तीला पुन्हा तारीख पडली. पगाराचं ऑफिस आधीच माहीत असतं तर पुण्यातलं बँकेचं उरकून लगेच हे करता आलं असतं. आठ महिने, नुसता एक पत्ता विचारला नाही म्हणून.

मधे तो काही रक्कम थेट तुमच्या खात्यावर टाकेल आणि म्हणेल केस मागे घ्या. घ्या पैसे, पण दर वेळी कोर्टात कळवा आणि नोंद करून घ्या, कारण कोर्टाबाहेर दिलेले पैसे नोंदवले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते धरत नाही आणि मग दोन्हीकडून भांडण. बाकी सगळे पैसे येईपर्यंत मागे वगैरे काही घेऊ नका.

फ्लॅट. उरलेल्या रकमेसाठी त्याच्यावर जप्ती बसवायची. नोंदणी खात्याच्या आयजीआर साईटवर ई-सर्चमधून इंडेक्स 2, म्हणजे फ्लॅटच्या दस्त नोंदणीचा उतारा, काढा, बायकोचं नाव जोडीला असेल तर फक्त त्याचा हिस्सा जप्त होतो आणि हिस्सा दरखास्तीत लिहावा लागतो. होमलोन चालू असेल तर बँकेचा बोजा आधी. जप्तीनंतर त्यानं केलेलं खरेदीखत तुमच्या विरुद्ध टिकत नाही, पण खरेदीदारानं जप्तीच्या आधीच रजिस्टर्ड साठेखत केलं असेल तर अडचण, म्हणून उशीर नको. लिलावात बोली जिंकणारा 25 टक्के लगेच भरतो, उरलेले 15 दिवसांत. माझ्यात तिथपर्यंत वेळ आली नाही, जप्ती बसली आणि त्याच्या भावानं तडजोडीचा फोन केला.

कोर्टात जमा झालेले पैसे आपोआप येत नाहीत, रक्कम काढायचा अर्ज, पासबुकची झेरॉक्स, आयडी, आणि कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे पाठपुरावा.

आणि तो नोकरी बदलेल. माझ्यात 24 पैकी सातव्या महिन्यात बदलली. जुन्या कंपनीवरचा हुकूम नव्या कंपनीत आपोआप जात नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तोच प्रश्न: नव्या कंपनीचा पगार कोण काढतं आणि तो कुठे बसतो. या वेळी मी हडपसरला कंपनीच्या गेटवर जाऊन अकाउंट्सवाल्याला विचारून आले, पगार तिथूनच निघत होता, आणि अर्जात त्याचं पद आणि पत्ता टाकूनच शिवाजीनगरला गेले.