‘मोटर पाणी उचलत नाही’: वापर पुस्तिकेतलं बिघाडांचं पान सोपं कसं लिहावं

घरगुती पाण्याच्या मोटरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे ‘समस्या’, मधे ‘संभाव्य कारणे’, उजवीकडे ‘उपाय’. डावीकडे एक ओळ असते आणि तिच्यासमोर आठ-नऊ कारणं दाटीवाटीनं बसवलेली असतात. सकाळी सातला वरची टाकी रिकामी आहे, नळाला पाणी नाही, अशा वेळी माणूस हे पान उघडतो. नऊ कारणांपैकी आपलं कुठलं, हे त्याला त्यातून कळत नाही. मग तो पुस्तिका मिटतो आणि मेकॅनिकला फोन लावतो.

हे पान असं लिहिता येतं की माणसाला जे दिसतं किंवा ऐकू येतं, त्यावरून तो एकाच तपासणीपाशी पोचेल आणि त्या तपासणीतून एकच कृती निघेल. अर्धा एचपीची, सिंगल फेजवर चालणारी, जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी मोटर उदाहरण म्हणून घेऊ. त्यातलीही सगळ्यात नेहमीची तक्रार घेऊ: मोटर चालते, पण पाणी येत नाही.

जुन्या तक्त्यातली ओळ साधारण अशी असते:

समस्या: पंप डिस्चार्ज देत नाही.
संभाव्य कारणे: प्रायमिंग अपुरे, सक्शन लाइनमध्ये हवागळती, फूट व्हॉल्व्ह अडकलेला, सक्शन उंची जास्त, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद, इम्पेलर चोक, फिरण्याची दिशा उलट, व्होल्टेज कमी, टाकीत पाणी नाही.
उपाय: तपासून दुरुस्त करा किंवा सेवा केंद्राशी संपर्क साधा.

यात चुकीचं काहीच नाही. फक्त ही यादी मोटर बनवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली आहे.

पहिलं काम: लक्षण फोडा

लक्षण म्हणजे मोटर न उघडता, हत्यार न लावता जे समजतं तेवढंच. ‘कपॅसिटर खराब’ हे लक्षण नाही, ‘इम्पेलर चोक’ हेही नाही. ‘पाणी येत नाही’ हे लक्षण आहे, पण फार रुंद. त्याच्या पोटात निदान पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या पाचही कानाला किंवा डोळ्याला वेगळ्या जाणवतात:

– बटण दाबलं तरी मोटरचा आवाजच नाही.
– मोटर नुसती गुंगुं करते, फिरत नाही.
– मोटर नेहमीसारखी फिरते, पण पाणी उचलत नाही.
– पाणी सुरू होतं, मग धार बारीक होत तुटते.
– मोटर चालता चालता बंद पडते आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होते.

ही वाक्यं सेवा केंद्रात येणाऱ्या फोनवरून गोळा करावीत. लोक ‘डिस्चार्ज’ म्हणत नाहीत, ‘मोटरने हवा धरली’ म्हणतात. पानावरचा मथळा त्यांच्या तोंडचा असेल तर नजर लगेच तिथं थांबते.

अजून एक फोड मला सगळ्यात उपयोगाची वाटते, ती काळाची. मोटर कालपर्यंत पाणी चढवत होती आणि आज नाही, की नवीन बसवल्यापासून कधी चढवलंच नाही? नव्या मोटरचे बिघाड बहुधा बसवण्यातले असतात. पाण्याची पातळी मोटरपासून फार खाली असणं, म्हणजे तक्त्यातली ‘सक्शन उंची जास्त’, हे त्यातलंच. वातावरणाच्या दाबावर पाणी सिद्धांतात साधारण १० मीटर वर ओढलं जातं, पण प्रत्यक्षात अशा मोटरला सात-आठ मीटरच्या पुढं जमत नाही. खालची टाकी आणि मोटर दोन्ही जागच्या जागी आहेत आणि काल पाणी चढत होतं, तर हे कारण आज अचानक उगवत नाही. ते ‘मोटर बसवताना’ या प्रकरणात हलवा.

दुसरं काम: कारणं गाळा

आता तिसरं लक्षण घेऊ: काल चालत होती, आज नेहमीसारखी फिरते, पण पाणी उचलत नाही. नऊ कारणांची चाळणी लावू.

फिरण्याची दिशा उलट? तीन फेजच्या मोटरमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. सिंगल फेजच्या मोटरची जोडणी कारखान्यातच झालेली असते, ती घरात आपोआप उलटत नाही. ही ओळ मोठ्या पंपाच्या पुस्तिकेतून उचललेली असणार. काढून टाका.

सक्शन उंची आधीच गेली. व्होल्टेज कमी असेल तर मोटरचा आवाज आणि फिरणं बदलतं, म्हणून ते इथं बसत नाही. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, चोक असेल तर मोटर उघडावी लागते, ते घरच्या माणसाचं काम नाही. ते कारण पानावर लिहायचंच नाही, मेकॅनिक ते शोधेल.

टाकीत पाणी नसणं आणि वरचा व्हॉल्व्ह बंद असणं ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि नुसत्या नजरेनं कळतात. ती एकाच नव्हे, अनेक लक्षणांमागे असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी लिहू नका. पानाच्या अगदी वर एका चौकटीत द्या: ‘आधी हे बघा: वीज आहे का, खालच्या टाकीत पाणी आहे का, वरच्या टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडा आहे का.’ या चौकटीत चौथी गोष्ट घालण्याचा मोह टाळा.

मागं उरलं प्रायमिंग म्हणजे मोटरच्या पोटात आधीच पाणी भरलेलं असणं, फूट व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारी झडप, आणि हवागळती. तिन्हींचा परिणाम एकच दिसतो: मोटरच्या पोटातलं पाणी निघून जातं, तिथं हवा राहते आणि हवेवर मोटर ओढ धरत नाही. म्हणजे तीन कारणांसाठी एकच तपासणी पुरते. मोटरवरचं प्रायमिंगचं झाकण उघडून आत काठोकाठ पाणी आहे का ते बघायचं.

तिसरं काम: तपासणी अशी लिहा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल

‘प्रायमिंग योग्य असल्याची खात्री करा’ या वाक्यावर वाचक काहीच करू शकत नाही. योग्य म्हणजे किती, खात्री कशी? नवी नोंद अशी लिहिता येईल:

मोटर फिरते, पण पाणी उचलत नाही (काल चालत होती)
बघा: बटण बंद करून पिन काढा. मोटरवरचं झाकण (चित्र १) उघडा. आत काठापर्यंत पाणी दिसतं का?
नाही: काठोकाठ पाणी भरा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. झाकण घट्ट लावा आणि मोटर सुरू करा. तीन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.
हो: मेकॅनिकला बोलवा. सांगा: ‘प्रायमिंगचं पाणी भरलेलं आहे, तरी उचलत नाही.’

यातले दोन तपशील सोडू नयेत. तीन मिनिटांची मर्यादा नसली की माणूस ‘येईल आता’ म्हणत मोटर कोरडीच चालू ठेवतो. शाफ्टवरच्या सीलला पाण्यानंच गारवा आणि वंगण मिळतं. कोरड्या घर्षणानं ते खराब होतं आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो. नेमका आकडा तुमच्या मोटरच्या डिझायनरकडून घ्या, पण आकडा हवाच. दुसरं, मेकॅनिकला काय सांगायचं ते वाक्य. त्यामुळं केलेली तपासणी फुकट जात नाही आणि मेकॅनिक येताना काय आणायचं ते ठरवू शकतो.

मग फूट व्हॉल्व्हचं काय? तो गळका असेल तर पाणी भरल्यावर मोटर आज चालेल, पण उद्या पुन्हा कोरडी पडेल. हे वाचकाला वेगळं दिसतं, म्हणून त्याची वेगळी नोंद करा: ‘दर वेळी पाणी भरूनच मोटर सुरू करावी लागते.’ तिथं थेट ‘फूट व्हॉल्व्ह बदलून घ्या’ लिहिता येतं. दोन कारणं एका नोंदीत मावत नाहीत असं वाटलं की त्यांना वेगळं करणारी खूण शोधायची. बहुतेक वेळा ती परत-परत होण्यात किंवा वेळेत सापडते.

‘धार तुटते’ या लक्षणाला हीच युक्ती लागू पडते. कारणं दोन: टाकीतलं पाणी पाइपच्या तोंडाखाली गेलंय, किंवा जोडातून हवा शिरतेय. टाकीचं झाकण उघडून ‘पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे का?’ एवढं बघितलं की निकाल लागतो. नसेल तर टाकी भरेपर्यंत थांबा. असेल तर जोड तपासायला मेकॅनिक.

जिथं हात लावायचा नाही, ते वर लिहा

गुंगुं करणारी मोटर ही या पानावरची सगळ्यात नाजूक नोंद आहे. अडकलेली मोटर चालू ठेवली तर वाइंडिंग भराभर तापतं. म्हणून इथं पहिलं वाक्य तपासणीचं नाही, ‘लगेच बंद करा आणि पिन काढा’ हे आहे. बरेच महिने पडून राहिलेली मोटर आत गंजून धरते. तुमच्या मोटरच्या मागच्या टोकाला शाफ्टवर खाच असेल तर पिन काढल्यावर स्क्रूड्रायव्हरनं ती फिरते का बघायला सांगा. अडकलेली असून मोकळी झाली तर पुन्हा सुरू करून बघता येते. आधीपासूनच मोकळी फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर जातो, पण तो शब्द वाचकाच्या कृतीत आणू नका. कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही भार शिल्लक राहू शकतो. तिथं ‘इलेक्ट्रिशियनला बोलवा’ इथंच थांबा.

आपोआप सुरू होणाऱ्या मोटरचंही तसंच. तापल्यावर आतलं संरक्षण मोटर बंद करतं आणि गार झाली की अनेक मोटरींमध्ये तेच पुन्हा सुरू करतं. माणूस बंद पडलेली मोटर बघायला वाकलेला असताना ती फिरू शकते. पिन काढण्याची सूचना इथं मथळ्याला लागूनच हवी, खाली टिपेत नको.

शेवटी: बाजूला बसून बघा

पान छापण्याआधी एक मोटर घ्या, झाकण उघडून आतलं पाणी काढून टाका आणि ही मोटर कधी न हाताळलेल्या माणसाच्या हातात पान द्या. तोंडानं काही सांगू नका. तो कुठली नोंद निवडतो, झाकण शोधताना चित्राकडे किती वेळा बघतो, पिन खरंच काढतो का, हे टिपा. माणसं बऱ्याचदा चुकीच्या झाकणाला हात घालतात, कारण पाणी भरायचं आणि पाणी सोडायचं अशी दोन्ही बुचं सारखीच दिसतात. तसं झालं तर वाक्य लांबवू नका. चित्रात वरच्या बुचाला बाण दाखवा आणि नोंदीत ‘वरचं झाकण’ असं लिहा. मग दुसऱ्या माणसाला बसवा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत आहे.