27 फेब्रुवारीचा वक्ता : निमंत्रणाची तयारी

मराठी भाषा गौरव दिनासाठी वक्ता हवा असेल, तर पहिली अडचण तारखेचीच येते. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस महाराष्ट्रातली सगळीच महाविद्यालयं त्याच दिवशी साजरा करतात आणि बरं बोलणारी माणसं मोजकी. त्यात फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात आणि ते परीक्षा केंद्र असेल, तर पेपर चालू असताना सभागृहात माईक लावता येत नाही. त्यामुळे बोर्डाचं वेळापत्रक हाती घेऊनच तारखा काढा.

रत्नागिरीतलं महाविद्यालय आणि मुंबईचा वक्ता असं धरून चालू. 2027 मध्ये 27 फेब्रुवारी शनिवारी येतो. वक्त्याला तीन तारखा द्या : शनिवार 27 फेब्रुवारी, नाहीतर गुरुवार 25 फेब्रुवारी, आणि तेही जमत नसेल तर शुक्रवार 22 जानेवारी. तिसरी तारीख भाषा संवर्धन पंधरवड्यात, म्हणजे 14 ते 28 जानेवारीच्या दरम्यान, बसते, त्यामुळे अहवालातही अडचण येत नाही. तिन्ही दिवस सभागृह आपल्या नावावर लिहून ठेवा आणि प्राचार्यांची मंजुरी घ्या, मगच फोन करा. ‘तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर यायला महिना लागतो. तारखा दिल्या की उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिहा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 26 फेब्रुवारीच्या तिकिटासाठी तो दिवस 28 डिसेंबर. तेव्हा होकार 20 डिसेंबरपर्यंत, आणि जानेवारीची तारीख ठरायची शक्यता असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा.

श्रोत्यांबद्दल खरं लिहा. ‘विद्यार्थी व साहित्यप्रेमी’ या शब्दांतून वक्त्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं : ‘सुमारे 180 विद्यार्थी असतील. त्यातले 40 मराठी विशेष विषयाचे, बाकी बहुतेक वाणिज्य प्रथम वर्षाचे. पुस्तकं वाचणारे थोडे, मोबाइलवर मराठी लिहिणारे सगळे.’ एवढ्यावरून वक्ता विषय बदलू शकतो. समोर कवितेचे अभ्यासक आहेत असं समजून तयारी करून आलेल्या माणसापुढे हजेरीसाठी आणून बसवलेले वर्ग आले, की दहाव्या मिनिटाला मागच्या रांगा कुजबुजायला लागतात. दोष मात्र वक्त्याला मिळतो.

वेळेचा हिशेब पत्रातच मांडा. सकाळी 11 ते 12.30 कार्यक्रम असेल, तर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक आणि परिचय मिळून 20 मिनिटं, व्याख्यान 45, प्रश्न 15, अध्यक्षीय मनोगत आणि आभार 10. वक्त्याला ‘दीड तासाचा कार्यक्रम’ सांगू नका, ‘आपल्यासाठी 45 मिनिटं’ असं सांगा. घोळ बहुधा पहिल्या वीस मिनिटांत होतो : पाहुणे चहाला बसतात, पुष्पगुच्छांची यादी वाढते, परिचय देणारा अख्खा बायोडाटा वाचतो. खेड्यातल्या मुलांची एक वाजताची एसटी ठरलेली असते, ती काही थांबत नाही. म्हणून परिचय दीडशे शब्दांत लिहून तो वक्त्याकडून आधी तपासून घ्या आणि सत्कार दोनच ठेवा.

प्रवासात मुक्कामाची खोली सगळ्यात जास्त विसरली जाते. कोकणकन्या मुंबईहून रात्री निघते आणि पहाटे रत्नागिरीला पोचते. खोली मात्र 27 तारखेच्या दुपारी बारापासूनची घेतलेली असते. पहाटे पाहुणा कुलूपबंद दारासमोर. खोली 26 तारखेच्या रात्रीपासूनच घ्या आणि तिथल्या माणसाला पहाटेच्या आगमनाचं आदल्या संध्याकाळी पुन्हा सांगा. सकाळच्या गाडीने येऊन अकराला थेट मंचावर, हा बेत नको : गाडी तासभर लेट झाली की सभागृहात गाणी म्हणत बसावं लागतं. स्टेशन शहरापासून लांब आहे, तेव्हा गाडीवाल्याचा नंबर वक्त्याला आणि वक्त्याचा डबा क्रमांक गाडीवाल्याला आदल्या दिवशी कळवा.

तिकीट काढताना नाव आधार कार्डावरचं विचारा. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक हटकून होते. वरची बर्थ चालेल का, सोबत कोणी येणार आहे का, जेवणाचं पथ्य काय, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. शिमगा मार्चच्या सुरुवातीला असेल त्या वर्षी कोकणच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून परतीचं तिकीटही जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा.

मानधनाचा आकडा पत्रातच असू द्या, प्रवासखर्च त्यात धरलाय की वेगळा तेही. बँक तपशील आणि पॅन कार्यक्रमाआधी मागवा. वक्त्याने स्वतः तिकीट काढलं असेल तर त्याची प्रत निघण्यापूर्वीच मागून ठेवा, कारण लेखा विभाग ती महिन्याभराने मागतो आणि तोवर ती पाहुण्यांकडे उरलेली नसते.

पत्राच्या शेवटी संपर्कासाठी एकाच प्राध्यापकाचं नाव द्या. तीन नंबर दिले, तर पहाटे साडेपाचला तिघांनाही वाटतं की दुसरा कोणीतरी स्टेशनवर गेला असेल.